पावसाळी विंडचीटर आणि वाळूतली रात्र

आमच्या करंजाडेत स्वेटर म्हणजे जानेवारीत चार पहाटे घालायची वस्तू. म्हणून नोव्हेंबरच्या सुट्टीत जैसलमेरला जायचे ठरले तेव्हा आम्ही सहा जणांसाठी सहा जाड स्वेटर घेतले. दिवसा घालायला मुलांचे बिनबाह्यांचे टी-शर्ट घेतले, आणि तयारी झाली असे समजलो. दोन्ही चुकले.

जैसलमेरहून चाळीसेक किलोमीटरवर समच्या टेकड्या आहेत. दुपारी तिथे पोहोचलो. पनवेलच्या दमट हवेत घाम निथळतो, तिथल्या कोरड्या हवेत तो येतो तसा वाळतो. त्यामुळे ऊन लागते आहे हे कळतच नाही. संध्याकाळी मुलांचे खांदे लाल झाले होते. अम्मी मात्र बऱ्या होत्या. त्यांनी सैल, पूर्ण बाह्यांचा सुती कुर्ता घातला होता आणि मलमलची जुनी ओढणी डोक्यावरून तोंडापर्यंत घट्ट गुंडाळली होती. वाळू उडाली की आमच्या जॉर्जेटच्या ओढण्या घसरायच्या, त्यांची जागची हलत नव्हती.

सूर्य मावळला तशी वाळू झपाट्याने गार झाली. आपल्याकडे हवेतली वाफ रात्री उष्णता धरून ठेवते. तिथे हवा कोरडी आणि आभाळ मोकळे, मग जमिनीची उष्णता सरळ वर निघून जाते. जाड स्वेटर घालूनही आम्ही कुडकुडलो, कारण लोकरीच्या विणीतून वारा आरपार जातो. शिवाय त्या विणीत वाळू भरली ती वेगळीच. शेवटी अब्बांनी बॅगेच्या तळाशी राहिलेला आपला पावसाळी विंडचीटर स्वेटरवर चढवला आणि पाच मिनिटांत म्हणाले, "आता बरं वाटतंय." बाकी पाच विंडचीटर करंजाडेत कपाटात होते!

झोपतानाही तेच. अंगावर दोन रजया, खाली एक चादर. थंडी पाठीतून शिरत होती. मध्यरात्री एक रजई अंगाखाली घेतली तेव्हा कुठे डोळा लागला. फजरच्या वजूनंतर ओले पाय मात्र बराच वेळ गरम होईनात. टॉवेल आणि कोरडे मोजे उशाशी हवे होते.

वाळूने सर्वांत जास्त छळले ते बॅगेच्या चेनला. ती अडकली तशी धाकट्याने खोबरेल लावले, आणि वाळू तिला आणखीच चिकटली. जुन्या टूथब्रशने कण झाडून नंतर मेणबत्ती घासली, मग चेन सरकली. जाळीदार स्पोर्ट्स शूजमध्ये तर मूठमूठ वाळू निघाली.

येत्या सुट्टीत पुन्हा जाणार आहोत. या वेळी प्रत्येकाचे सुती बनियन, पूर्ण बाह्यांचा शर्ट, पातळ स्वेटर आणि विंडचीटर असे चार थर एकाच पिशवीत बांधले आहेत, म्हणजे ऊन चढेल तसा एकेक उतरवता येईल. जाड स्वेटर घरीच राहतील. अम्मींनी सहा मलमलच्या ओढण्या धुऊन ठेवल्या आहेत, त्यातल्या दोन मुलग्यांसाठी. ते अजून तयार नाहीत.