कायदा बदलणं आणि निकाल लावणं

पुष्कळ वर्षं माझं ठाम मत होतं, की लोकांनी निवडून दिलेल्या सरकारच्या आड न्यायालयांनी येऊ नये. मी शाळेत नागरिकशास्त्र शिकवतो. कायदेमंडळ कायदे करतं, कार्यकारी मंडळ ते राबवतं, न्यायमंडळ तंटे सोडवतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत आलो. मनातून मात्र ती वाटणी मला पटलेली नव्हती. लाखो मतं मिळवलेल्या माणसाला, एकही मत न मागितलेला न्यायाधीश कसा काय थांबवतो? हा प्रश्न मी वर्गात कधी निघू दिला नाही. मला तो छळत होता आणि मुलांसमोर मी तो टाळत होतो. शिक्षकाला हे शोभत नाही.

माझ्या मताचा सगळा भार एका खटल्यावर होता. १९७१च्या लोकसभा निवडणुकीत इंदिरा गांधींनी रायबरेलीत राजनारायण यांना एक लाख अकरा हजारांहून अधिक मतांनी हरवलं. राजनारायण न्यायालयात गेले. १२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी ती निवडणूक रद्द केली आणि इंदिरा गांधींना सहा वर्षं निवडणूक लढवायला अपात्र ठरवलं. कारणं दोन. यशपाल कपूर हे राजपत्रित अधिकारी सरकारी नोकरीत असतानाच इंदिरा गांधींच्या प्रचाराला लागले होते. शिवाय उत्तर प्रदेशातल्या सरकारी अधिकाऱ्यांनी त्यांच्या सभांसाठी व्यासपीठं उभारली आणि ध्वनिवर्धकांना वीज पुरवली होती. एवढ्याशा कारणांवरून पंतप्रधानांची निवड रद्द? मला तो निकाल क्षुल्लक गोष्टींवर अडलेला वाटायचा, आणि असं वाटणारा मी एकटा नव्हतो.

न्यायमंडळाच्या धड्यासाठी नवं टिपण करायचं म्हणून मी पुढच्या घटना तारखांसकट मांडायला बसलो. माझं मत अधिक पक्कं करावं, एवढाच हेतू होता. २५ जूनच्या रात्री आणीबाणी आली. विरोधी पक्षांचे अनेक नेते तुरुंगात गेले. इंदिरा गांधींच्या अपिलाची सुनावणी सर्वोच्च न्यायालयात ११ ऑगस्टला होती. ७ ऑगस्टला लोकसभेत घटनादुरुस्तीचं विधेयक आलं आणि त्याच दिवशी मंजूर झालं. ८ तारखेला राज्यसभेनं ते मंजूर केलं, ९ला राज्यांच्या विधानसभांनी, आणि १०ला राष्ट्रपतींची सही झाली. ही एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती. तिनं राज्यघटनेत ३२९अ हे कलम घातलं.

त्या कलमाच्या चौथ्या खंडापाशी मी थांबलो. पंतप्रधान आणि लोकसभेचे अध्यक्ष यांच्या आधी झालेल्या निवडणुकांना निवडणूक याचिकांचा कायदा लागू नाही, अशी निवडणूक रद्द ठरवणारा निकाल कधी झालाच नाही असं समजावं आणि ती निवडणूक वैधच राहील, असा त्याचा आशय होता. मी तो पुन्हा वाचला. त्यात नवा नियम शोधू लागलो. पंतप्रधानांच्या निवडणुकीचा वाद उद्यापासून अमुक निकषानं तपासावा, असं काही असेल असं मला वाटलं होतं. तसं काहीच नव्हतं. कोणता पुरावा खरा, कोणता खोटा, कोणता कायदा लावला, याचा एक शब्दही नव्हता. चालू खटल्याचा निकाल तेवढा होता, आणि तो खटल्यातल्या पक्षकाराच्याच बहुमतानं लावला होता.

माझा जुना प्रश्न तिथे उलटा झाला. लाखो मतं मिळालेल्या माणसाला थांबवणारा न्यायाधीश कोण, असं मी विचारत होतो. ती मतं नियमानं मिळाली का, हाच वाद असेल तर तो सोडवायचा कुणी? ज्याची मतं वादात आहेत त्यानंच? मी बहुमताला पुरावा समजत होतो, आणि खटला तर त्या बहुमताच्याच खरेपणाचा होता. इतकी साधी गोष्ट मला दिसली नाही, कारण मला ती पाहायची नव्हती.

सर्वोच्च न्यायालयानं ७ नोव्हेंबर १९७५ रोजी काय केलं, हे मुलांना सांगताना मी आता सर्वांत जास्त वेळ घेतो. पाच न्यायाधीशांपैकी चौघांनी तो चौथा खंड घटनाबाह्य ठरवला. कारणं प्रत्येकाची वेगळी होती. न्यायमूर्ती खन्नांना त्यात मुक्त आणि न्याय्य निवडणुकीवर घाला दिसला. पुण्यात जन्मलेले न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड यांना एका पदासाठी समानता मोडलेली दिसली. वाद सोडवायचा तर आधी तथ्यं तपासायची आणि मग कायदा लावायचा, यातलं काहीच इथे झालेलं नाही, असं न्यायमूर्ती मॅथ्यू यांचं म्हणणं होतं.

तरीही त्याच निकालात इंदिरा गांधी जिंकल्या! इथे मुलं गोंधळतात, मीही गोंधळलो होतो. संसदेनं त्या पावसाळ्यात निवडणुकीचा साधा कायदाही पूर्वलक्षी प्रभावानं बदलला होता. सिन्हांनी इंदिरा गांधींना डिसेंबर १९७०च्या अखेरीपासून उमेदवार धरलं होतं. नव्या व्याख्येप्रमाणे माणूस अर्ज भरल्यावरच उमेदवार ठरतो, आणि त्यांचा अर्ज फेब्रुवारीतला होता. कपूर यांच्यासारख्या सरकारी नोकराचा राजीनामा कधीपासून लागू, याला राजपत्रातली तारीख अंतिम मानायची होती, आणि व्यासपीठाची सरकारी व्यवस्था आता मदतीत मोडत नव्हती. हे बदल न्यायालयानं मान्य केले, तथ्यं त्यांना लावून पाहिली आणि निवडणूक वैध ठरवली.

म्हणजे एकाच माणसाच्या फायद्याच्या दोन गोष्टींपैकी एक टिकली, एक पडली. कबड्डीचा महासंघ बोनस रेषेचा नियम बदलू शकतो, पण या चढाईत या खेळाडूचा पाय रेषेपलीकडे पडला की नाही, हे पंचच सांगणार. नियम मागच्या तारखेपासून बदलणं मला आजही वाईट वाटतं. पण तो सर्वांना लागतो, आणि तो लावून पाहणारा दुसरा कुणीतरी उरतो.

यानंतर न्यायालयांवर आंधळा विश्वास ठेवायचा मोह मला झाला. तोही टिकला नाही. २८ एप्रिल १९७६ रोजी याच न्यायालयानं चार विरुद्ध एक मतानं सांगितलं, की आणीबाणीत बेकायदा अटकेविरुद्धही दाद मागता येणार नाही. त्या चौघांत चंद्रचूड होते. एकटे विरोधात गेले ते खन्ना. जानेवारी १९७७मध्ये सरन्यायाधीशपद ज्येष्ठतेनं त्यांच्याकडे यायचं होतं. सरकारनं त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ न्यायमूर्ती बेग यांना नेमलं आणि खन्नांनी राजीनामा दिला. पंचाची नेमणूक खेळणाऱ्याच्या हाती असली की काय होतं, ते मुलांना इथे लगेच कळतं.

न्यायालय चुकलं तेव्हा दुरुस्ती दुसरीकडून आली. मार्च १९७७मध्ये मतदारांनी सरकार बदललं. नव्या संसदेनं १९७८च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं ३२९अ हे कलमच काढून टाकलं, आणि जगण्याच्या व स्वातंत्र्याच्या हक्काची दाद आणीबाणीतही बंद करता येणार नाही, अशी तरतूद केली. ज्या संसदेला लगाम लागला म्हणून मी हळहळत होतो, तिनंच इथे न्यायालयाची चूक निस्तरली. तो १९७६चा निकाल मात्र सर्वोच्च न्यायालयानं स्वतः रद्द ठरवायला २०१७ साल उजाडलं.

आता मी तीन खात्यांची आकृती काढत नाही. ७ ते ११ ऑगस्टच्या तारखा फळ्यावर लिहितो, आणि प्रत्येक दिवशी कोण कुणाचं काम करत होतं ते मुलांना शोधायला सांगतो. निवडून आलेल्यांना न्यायाधीश कसा थांबवतो, हा प्रश्न कुणीतरी विचारतंच. मी तो विचारू देतो.