स्मरणिकेच्या कामात यंत्राला कुठपर्यंत येऊ द्यायचं

संस्थांच्या स्मरणिका लिहून देणं हा माझा व्यवसाय आहे. शाळा, दूध संघ, पतसंस्था. जुन्या माणसांच्या मुलाखती घ्यायच्या, सभांची इतिवृत्तं चाळायची, लेख लिहायचे आणि छपाईपर्यंत मुद्रितं तपासायची. गेल्या वर्षी सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेचं सुवर्णमहोत्सवी काम आलं. पहिल्याच बैठकीत व्यवस्थापक म्हणाले, "ताई, हे सगळं आता ए.आय. लिहून देतं म्हणतात. मग दर तोच कसा?"

प्रश्न रास्त होता. मी थोडी मुदत मागितली आणि संस्थेच्या परवानगीने एकाच मुलाखतीवर सगळं करून पाहिलं.

ती मुलाखत पिग्मी गोळा करणाऱ्या एका मावशींची होती. तासभर बोलणं हाताने टंकून काढायला मला चार-पाच तास लागतात. म्हणून सुरुवात तिथूनच केली. बोलणं ऐकून मजकूर करणारं, इंटरनेटशिवाय आपल्याच लॅपटॉपवर चालणारं साधन घेतलं. मुलाखतीत कर्जदारांची नावं आणि थकबाकीचे आकडे होते. ते दुसऱ्याच्या सर्व्हरवर जाऊ देणं मला पटत नव्हतं. त्या साधनाला भाषा मराठी अशी आधीच सांगून ठेवावी लागते. नाहीतर ते सुरुवातीचं बोलणं ऐकून भाषा ओळखू पाहतं आणि मजकूर हिंदीच्या वळणाचा होतो.

मजकूर झटपट आला आणि वाचायला सलग वाटला. अडचण त्या सलगपणातच होती. मावशी म्हणाल्या होत्या, "पावणेदोनशे कमिशन पडायचं." कागदावर दोनशे आलं. त्या म्हणाल्या, "त्या साली लाभांश दिला न्हाई." शेवटचा शब्द त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हटला होता, तो गळला आणि लाभांश दिला असं झालं. मध्ये त्या जुनं पिग्मी कार्ड आणायला आत गेल्या. टेपवर तेवढा वेळ नुसता पंख्याचा आवाज आहे. मजकुरात मात्र तिथे कुणीच न बोललेलं एक वाक्य चार-पाच वेळा छापलेलं होतं.

यातली पंख्याच्या जागची चूक वाचताना दिसते. पहिल्या दोन दिसत नाहीत, कारण वाक्य व्याकरणाने बरोबर असतं. म्हणून नुसतं वाचून तपासणं मी बाद केलं. मजकूर समोर ठेवून पूर्ण टेप दीडपट वेगाने ऐकायची, आणि आकडा, नाव किंवा नकार आला की थांबून मागे जायचं. दीड, अडीच, पाऊण, सव्वा यांच्यापाशी हमखास थांबायचं. जिथे दोन माणसं एकदम बोलतात, तो भाग सरळ हाताने टंकायचा. एवढं करूनही वेळ साधारण निम्म्यावर आला. हे काम यंत्राला द्यायचं, हे ठरलं.

पुढची पायरी लेखाच्या कच्च्या खर्ड्याची. तपासलेला मजकूर लिहून देणाऱ्या साधनाला दिला आणि पाचशे शब्दांचा लेख मागितला. देण्याआधी सगळी नावं आणि रकमा काढून टाकल्या होत्या. लेख आला, नीटनेटका दिसत होता. मग पेन्सिल घेऊन प्रत्येक वाक्यासमोर ते टेपच्या कितव्या मिनिटाला आहे ते लिहीत गेले. बऱ्याच वाक्यांसमोर लिहायला काहीच मिळालं नाही.

मावशी म्हणाल्या होत्या, "दुकानात गेलं की आधी गल्ल्याकडं बघायचं. गल्ला रिकामा दिसला तर पिग्मी मागायची न्हाई, पाणी मागायचं." खर्ड्यात याचं झालं होतं, 'ग्राहकांच्या आर्थिक अडचणींची जाण ठेवून त्यांनी आपुलकीचे संबंध जपले.' लाभांश न देण्याच्या वर्षाबद्दल तर 'सभासदांचा विश्वास अबाधित राहिला' असं वाक्य होतं. मावशींनी उलट सांगितलं होतं. लोक दारातच उभं करून जाब विचारायचे. ते वाचून मला वाईट वाटलं. पन्नास वर्षांत एकदाच कुणीतरी त्यांना विचारलं होतं.

मग साधनाला सांगितलं, मावशींचे शब्द तसेच ठेव. त्याने काही ठेवले. काही त्याच बोलीत नवे घातले, अवतरणचिन्हांत. हे मला जास्त धोक्याचं वाटलं. गुळगुळीत वाक्य निदान ओळखू येतं. खोटं अवतरण खरंच वाटतं, आणि ते जिवंत माणसाच्या नावावर छापलं जातं. शिवाय प्रत्येक वाक्य टेपशी ताडायला जेवढा वेळ गेला, तेवढ्यात मी लेख लिहून काढला असता. खर्ड्यासाठी यंत्र नको, असं ठरवलं. इमारतीचा विषय कोणकोणत्या मुलाखतीत आला, अशी शोधाशोध मात्र लॅपटॉपवरच करते. शुद्धलेखन तपासणीही माझ्या निवेदनापुरतीच ठेवते, कारण 'न्हाई'चं 'नाही' करायला ती टपलेलीच असते.

हे सगळं व्यवस्थापकांना सांगितलं आणि दरपत्रकात असं लिहिलं: 'मुलाखतींचा पहिला मजकूर संगणकीय साधनाने केला जाईल व टेपशी ताडून दुरुस्त केला जाईल. लेख व निवेदन लेखिका स्वतः लिहील. अवतरणातले प्रत्येक वाक्य ध्वनिमुद्रणात असेल. सभासदांची माहिती संस्थेच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही ऑनलाइन साधनात भरली जाणार नाही.' मजकूर टंकण्याचा दर कमी केला, लेखनाचा तोच ठेवला. त्यांनी घासाघीस केली नाही.

या चार ओळी पुढे उपयोगी पडल्या. नमुना प्रत फिरली तेव्हा एका तरुण संचालकांनी एक लेख कुठल्याशा तपासणी संकेतस्थळावर टाकला. यंत्राने लिहिल्याची शक्यता जास्त, असं उत्तर आलं. बैठकीत विषय निघाला. मला घाम फुटला, कारण लेख माझाच होता आणि ते सिद्ध कसं करायचं हे पटकन सुचेना. अशी संकेतस्थळं शब्दांच्या ठेवणीवरून अंदाज सांगतात, त्याला पुरावा म्हणता येत नाही. पण हे नुसतं सांगून कुणाची शंका फिटत नाही. मग फाइलचा आवृत्ती-इतिहास उघडला. खोडलेले परिच्छेद आणि बदललेली सुरुवात तारखांसकट दिसत होती. संचालकांनी दोन अवतरणं निवडली, मी ती टेपवर वाजवून दाखवली. विषय तिथेच मिटला.

खरी अडचण मनोगतांची निघाली. तीन संचालकांची मनोगतं जवळपास एकाच वाक्याने सुरू होत होती. कुणाच्या तरी भाच्याने मोबाइलवर करून दिली होती. मी कुणाला काही बोलले नाही. तिघांना फोन करून एकच विचारलं, "तुम्ही पहिल्यांदा कर्ज नामंजूर केलंत ते कुणाचं आणि का? नाव छापणार नाही." तिघांनीही भरभरून सांगितलं. तेच लिहून वाचून दाखवलं आणि त्यांच्या संमतीने छापलं.

पुस्तक वेळेवर आलं. ध्वनिमुद्रणं आणि दुरुस्त मजकूर एका पेन ड्राइव्हवर संस्थेच्या ताब्यात दिले.

असं काम घेणाऱ्यांना एवढंच सांगते: यंत्र कुठे वापरणार आणि कुठे नाही, ते आगाऊ रक्कम घेण्याआधी लेखी द्या, आणि छपाई होईपर्यंत एकही आवृत्ती पुसू नका.