सूचनेचा धुरा

तेलुगूच्या पुस्तकात धडा संपला की स्वाध्याय येतो. प्रत्येक प्रश्नाच्या डोक्यावर जाड ठशात एक ओळ असते. तिच्याखाली रिकाम्या रेघा, चौकोन, दोन स्तंभांत मांडलेले शब्द. तिसरीतल्या लेकीला खालचं सगळं थोडंफार वाचता येतं, अडतं ते त्या वरच्या ओळीशी. "बाबा, हे काय करा म्हणते?" असं ती विचारते, आणि कापसाचा हिशेब बाजूला सारून मी पुस्तक पुढ्यात ओढतो.

पैनगंगेच्या अलीकडचा हा बेला-जैनथचा पट्टा. 1956 साली हैदराबाद राज्य मोडलं तेव्हा किनवट आणि राजुरा मराठी मुलखात गेले, आणि आदिलाबाद आंध्र प्रदेशात आलं. पुढे 2014 पासून तेलंगणात. घरात, शेतात, भजनात मराठी आणि कचेरीत तेलुगू, हे आमच्या अंगवळणी पडलेलं आहे. शाळेत मात्र 2018 च्या कायद्यानं तेलुगू सक्तीची झाली, तीही टप्प्याटप्प्यानं. सुरुवात पहिली आणि सहावीपासून. त्यामुळे मराठी घरातल्या लहान पोरांच्या दप्तरातही आता हे पुस्तक असतं. बाजारातली तेलुगू त्यांच्या कानाला ओळखीची असते, डोळ्यांना मात्र परकी. वर्णमाला आपल्यासारखीच क, ख, ग, घ अशी चालते, म्हणून अक्षरं लवकर हाती येतात. अर्थ मागून येतो.

सूचनेचा मराठीत अर्थ सांगणं तसं सोपं काम. अवघड एवढंच, की सूचना कुठं संपते आणि उत्तर कुठं सुरू होतं, ती हद्द पाळायची. शेताच्या धुऱ्यासारखी ती असते. नांगर जरा आत घातला तरी त्या दिवशी कुणाला कळत नाही, आणि चार वर्षांनी बघावं तर धुराच उरलेला नसतो.

एका संध्याकाळचं पान घेऊ. पहिली सूचना 'जतपरचंडि', म्हणजे जोड्या लावा. एवढंच सांगून भागत नाही, कारण जोडी कशाची हे कळल्याशिवाय पोर रेघ कुठून कुठं ओढणार? इथं मागितलेले 'व्यतिरेक पदालु', म्हणजे उलट अर्थाचे शब्द. हे सांगावंच लागतं, तो सूचनेचाच भाग. पण उलट म्हणजे काय, असा पुढचा प्रश्न येतो आणि तिथं उदाहरण द्यावं लागतं. तोंडावर पहिलं येतं ते दिवस आणि रात्र. डावीकडच्या स्तंभावर नजर टाकली तर 'पगलु' लिहिलेलं, म्हणजे दिवस. आणि उजवीकडे 'रात्रि'. हा शब्द मराठी पोराला कुणी सांगावा लागत नाही. म्हणजे माझ्या मराठी उदाहरणानं तेलुगू जोडी आयतीच लागली असती. म्हणून उदाहरण देण्याआधी दोन्ही स्तंभ स्वतः वाचून काढायचे, आणि ज्याचा त्या पानाशी काही संबंध नाही असं काहीतरी उचलायचं. मी ओलं आणि कोरडं सांगितलं. तिला कळलं, आणि पानावरचं काहीच फुटलं नाही.

जोड्यांमध्ये शब्दाचा अर्थ हेच उत्तर असतं, तेव्हा एकाही शब्दाचं मराठी सांगायचं नाही. "'पेद्द' म्हणजे काय?" असं ती विचारते. मी म्हणतो, मोठ्यानं वाच. ती वाचते, पुन्हा वाचते, आणि दुकानात ऐकलेला शब्द तिला आठवतो. तिच्या कानाला ठाऊक असलेलं डोळ्यांपर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो, तेवढा वेळ आपण गप्प बसायचं असतं. सगळ्यात कठीण काम तेच.

दुसरा प्रश्न अनेकवचनांचा. सूचनेतली 'एकवचनं' आणि 'बहुवचनं' तिला मराठी व्याकरणातून कळतात. इथं मात्र शब्दांचे अर्थ सांगायला माझी हरकत नसते. 'चेट्टु' म्हणजे झाड, 'इल्लु' म्हणजे घर, हे कळल्यानं उत्तर मिळत नाही. विचारलंय ते रूप. पुस्तकानं 'पुव्वु'चं 'पुव्वुलु' करून दाखवलेलं. त्याच चालीवर तिनं 'चेट्टुलु' लिहिलं. खरं रूप 'चेट्लु', आणि 'इल्लु'चं तर 'इळ्ळु' होतं. खोडरबर माझ्या हाताशी होतं. पण तिनं नियम बरोबर पकडला आणि शब्दानं तो पाळला नाही, हे बाईंना त्या चुकीतूनच दिसणार. मी ती पुसली असती तर वर्गात पुढं काय शिकवायचं हे त्यांना कळलंच नसतं.

तिसऱ्या प्रश्नानं मात्र मलाच थांबवलं. 'खाळीलनु पूरिंचंडि', रिकाम्या जागा भरा. कंसात दोन क्रियापदं, 'वच्चाडु' आणि 'वच्चिंदि'. दोन्हींचा अर्थ येण्याचाच. समोर राम, सीता आणि 'एद्दु', म्हणजे बैल. मी जर वाक्यांचं मराठी करून दिलं असतं तर राम आला, सीता आली, बैल आला असं झालं असतं, आणि लेकीनं बैलाला रामाच्या पंगतीला बसवलं असतं. तेलुगूत ते चालत नाही. तिथं एकवचनी क्रियापद पुरुषाला वेगळं, आणि बाई, जनावर, वस्तू या सगळ्यांना एकच. सीता 'वच्चिंदि' तसा बैलही 'वच्चिंदि'. म्हणजे इथं भाषांतर उत्तर सांगून टाकत नाही, उलट चुकीच्या उत्तराकडे बोट दाखवतं. अशा प्रश्नाला वाक्य मराठीत आणायचंच नाही. "कंसातला एक शब्द निवड, कुणासाठी कोणता येतो ते धड्यात बघ," एवढं म्हणून मी उठलो. धड्यात गाय आली होती, बंडी आली होती. तिनं दोन्ही शोधल्या आणि मग बैलापाशी बराच वेळ पेन्सिल चावत बसली.

म्हणून सूचना वाचली की मी आधी स्वतःला विचारतो, हा प्रश्न काय तपासतोय? शब्दार्थ तपासत असेल तर शब्दांना हात लावायचा नाही. रूप तपासत असेल तर अर्थ खुशाल सांगावा. आणि वाक्याची ठेवण तपासत असेल तर वाक्य त्याच्याच भाषेत राहू द्यावं. करायची कृती तेवढी मराठीत सांगायची: वाच, निवड, रेघ ओढ, लिही.

या कृती मोजक्याच असतात. 'चदवंडि' म्हणजे वाचा, 'रायंडि' म्हणजे लिहा, 'चेप्पंडि' म्हणजे सांगा, 'गीयंडि' म्हणजे रेघ काढा. शेवटचा 'अंडि' दुकानदाराच्या 'रंडि, कूर्चोंडि'मधून तिच्या ओळखीचा. तो आपल्या 'या, बसा'सारखा मानाचा आहे हे तिनंच मला सांगितलं. दर धड्याखाली हीच क्रियापदं आलटून पालटून येतात, म्हणून मी प्रत्येकाचं मराठी एकदाच सांगतो. दुसऱ्यांदा विचारलं तर मागच्या धड्याचं पान उघडायला लावतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत वरची ओळ ती माझ्याशिवाय वाचायला लागली. आता विचारते ते खालच्या शब्दांबद्दल. तिथं माझं उत्तर ठरलेलं: धडा काढ.