तिसरा बसला का अटकते

लग्नसराईत तीन एडिटर एकाच वेळी कामाला बसले, की बार्शीटाकळीच्या आमच्या स्टुडिओतली टाइमलाइन अडखळायची. "भाऊ, दोघं असलो तं चालते, तिसरा बसला का अटकते," ही मुलांची रोजची तक्रार. सगळं फुटेज एकाच नॅसवर, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या चार हार्ड डिस्कच्या पेटीत. नवी, मोठी पेटी घ्यावी असा सूर निघाला. मी आधी कागद घेऊन बसलो.

आमचे कॅमेरे 4के फुटेज सेकंदाला 100 मेगाबिट या दराने लिहितात. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे 12.5 मेगाबाइट. मल्टिकॅममध्ये तीन कॅमेरे एकत्र चालतात, तेव्हा एका एडिटरला 37.5 लागतात. दोघांना 75, तिघांना 112.5. गिगाबिट केबलमधून प्रत्यक्षात साधारण 110 मिळतात. तक्रारीतलं 'तिसरा' नेमकं इथेच बसत होतं.

तरीही खात्री हवीच. एडिटरच्या संगणकावरचा नेटवर्कचा आलेख इथे फसवतो, कारण तिथे फक्त त्याचाच वाटा दिसतो. म्हणून नॅसचा आलेख पाहिला. तिसऱ्याने प्ले करताच रेघ 940 मेगाबिटच्या आसपास सपाट झाली. म्हणजे नॅसची केबल भरली होती. रेघ त्याच्या बरीच खाली वरखाली होत राहिली असती आणि डिस्क शंभर टक्के व्यस्त दिसल्या असत्या, तर दोष डिस्कचा ठरला असता. 95 वर सपाट झाली असती, तर एखाद्या खराब केबलमुळे जोडणी 100 मेगाबिटवर घसरल्याचं कळलं असतं.

नॅसला 2.5 गिगाबिटचं पोर्ट आधीपासून होतं, स्विच मात्र जुना होता. तेवढा बदलला. एडिटरचे संगणक गिगाबिटवरच राहिले, कारण एकेकट्याला 37.5 पुरेसे आहेत. नॅसला आता 280 च्या आसपास वाट आहे, पण ती सगळी वापरता येईल असं धरू नये. नऊ फायली एकदम वाचताना डिस्कचं हेड सारखं इकडून तिकडे धावतं आणि वेग पडतो. म्हणून मल्टिकॅमचं काम हलक्या प्रॉक्सी फायलींवरच करणं मला शहाणपणाचं वाटतं.

जागेचा हिशेब त्याहून सोपा. 100 मेगाबिटने तासाला 45 गिगाबाइट होतात. हळद ते रिसेप्शन, तीन कॅमेरे प्रत्येकी सहा तास चालले तर 810. प्रॉक्सी आणि एक्स्पोर्ट धरून एका लग्नाला 1.2 टेराबाइट. आठ टेराबाइटच्या चार डिस्क रेड 5 मध्ये लावल्या, की एका डिस्कएवढी जागा सुरक्षेसाठी जाते. उरलेले 24 संगणकाला 21.8 दिसतात. लग्नाचा हिशेब मात्र दशमान टेराबाइटमध्ये आहे, म्हणून 24 मधलाच पाचवा हिस्सा मोकळा ठेवला, तर कामाचे 19.2. एका वेळी सोळा लग्नं.

अडचण लग्नांच्या संख्येपेक्षा ती किती दिवस उघडी राहतात याची आहे. गाणं कोणतं घ्यायचं हे घरच्यांनी महिनोन्महिने कळवलं नाही, तर ते लग्न तेवढा काळ जागा अडवून बसतं. अशी लग्नं आम्ही वेगळ्या डिस्कवर हलवतो. रेड एक डिस्क गेली तर सांभाळून घेतं, चुकून पुसलेली फाइल परत देत नाही. त्यामुळे नॅसबाहेर दुसरी प्रत उघडून तपासल्याशिवाय कॅमेऱ्याचं कार्ड फॉरमॅट होत नाही.