दुपारी तीन ते सहा

खाणावळीचा दिवस सलग नसतो. नांदूरघाटात बसस्टँडजवळच्या आमच्या हॉटेलात बारा वाजता माणसं यायला लागतात आणि तीनला ओसरतात. मग थेट सात वाजता पुन्हा ताटं मांडली जातात, ती साडेदहापर्यंत. दुपारच्या गर्दीत बँकेची माणसं, शेतीऔषधांच्या दुकानांवर आलेले शेतकरी, गाडीची वाट बघणारे प्रवासी. रात्री ट्रॅक्टरवाले, ड्रायव्हर, आणि घरी सांगून आलेली चार-चार दोस्तांची टोळकी. मधले तीन-चार तास चहा आणि एखादं पार्सल, एवढंच. गिऱ्हाइकांचा दिवस दोन तुकड्यांत मोडलेला असतो, म्हणून कामगाराचा दिवसही मोडावा लागतो. पाळ्या लावणाऱ्याची खरी कसोटी गर्दीत लागत नाही, ती या मधल्या तासांत लागते. हे तास कोणाचे, हा प्रश्न वहीत स्पष्ट लिहिला गेला नाही, तर महिन्याच्या शेवटी तो भांडणात लिहिला जातो.

मी हे काम शिकलो पुण्यातल्या एका हॉटेलात, वेटर म्हणून. सकाळी अकराला अंगावर शर्ट चढायचा तो रात्री बाराला उतरायचा. साडेतीन ते सहा ‘सुट्टी’ असायची. त्या सुट्टीत आम्ही कांदे सोलायचो, कोथिंबीर निवडायचो, बाकड्यावर पाठ टेकली की मॅनेजर हाक मारायचा, “अरे, दोन नंबरला पाणी दे.” पगारात मात्र ते अडीच तास कुठेच नसायचे. गावी येऊन हॉटेल घातलं तेव्हा पहिला नियम ठरवला: मधल्या वेळेचे पैसे द्यायचे नसतील, तर ती वेळ पूर्णपणे त्या माणसाची असली पाहिजे. तो घरी जावो, झोपो, शेतात जावो. त्याला हाक मारायची नाही. हाक मारली, तर ते काम झालं आणि त्याचे पैसे झाले. आमच्याकडे अशा हाकेला किमान अर्धा तास धरतो, दोन चहा नेऊन द्यायला पाचच मिनिटं लागली तरी. त्या पाच मिनिटांसाठी त्याची झोप मोडलेली असते.

पाळ्या लावताना सगळ्यांची गर्दी एकाच वेळी असते, असं धरलं की गणित चुकतं. जेवणाऱ्यांची गर्दी बाराला सुरू होते, पण वस्तादाची गर्दी त्याच्या दोन तास आधीची. डाळ शिजायला वेळ लागतो, वाटण करायचं असतं, भाजी चिरायची असते. बाराला तो मोकळा दिसतो, कारण त्याचं जड काम उरकलेलं असतं. उलट भांडी घासणारीची गर्दी एकला सुरू होते आणि चारपर्यंत चालते. फक्त भाकरी करणाऱ्या मावशींचं काम जेवणाऱ्यांच्या घड्याळाला जुळून चालतं. भाकरी आधी करून ठेवता येत नाही, ताटात पडताना ती गरमच लागते. म्हणून तिघांना एकच वेळ देणं म्हणजे एकाला रिकामं बसवून त्याचे पैसे देणं आणि दुसऱ्याला घाईत मारणं. मी आठवडाभर दर अर्ध्या तासाला किती ताटं गेली याच्या रेघा वहीत मारून ठेवतो. त्या रेघा बघून वाढप्यांची वेळ ठरवतो, आणि स्वयंपाकघराची वेळ तिच्या अलीकडे, धुण्याची पलीकडे सरकवतो.

कायद्याला हा मोडलेला दिवस ठाऊक आहे. 1948 च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्यात उपाहारगृहांसाठी वेगळं प्रकरण होतं. दिवसाचं काम 9 तास, पण कामावर येण्यापासून शेवटी सुटण्यापर्यंतचा पसारा 14 तासांपर्यंत चालायचा. म्हणजे मधल्या मोकळ्या वेळेसाठी भरपूर जागा ठेवलेली होती. 2017 च्या नव्या महाराष्ट्र कायद्यात हा पसारा साडेदहा तासांवर आला, आणि थांबून थांबून चालणाऱ्या कामासाठी 12 तासांवर. सलग 5 तासांनंतर अर्ध्या तासाची विश्रांती, आणि जादा तासांना दुप्पट दर. या मुख्य तरतुदी 10 किंवा जास्त कामगार असलेल्या ठिकाणांसाठी होत्या. 2025 मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही संख्या 20 करायचं आणि दिवसाची मर्यादा 10 तास करायचं ठरवलं. आमच्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसं. कोणी तपासायला येणार नाही. तरी मी साडेदहा तासांचा पसारा पाळतो, कारण त्यापुढे माणूस थकतो हे मी स्वतःच्या पायांवर अनुभवलंय.

साडेदहा तासांत दोन गर्द्या बसवायच्या कशा? एकाच माणसाला अकरा ते साडेतीन आणि साडेसहा ते साडेदहा लावलं, तर काम साडेआठ तास, पण पसारा साडेअकरा. तो कमी करायचा, तर माणसं एकावर एक न ठेवता थोडी सरकवून ठेवावी लागतात. आमच्याकडे वाढायला तीन पोरं आहेत. पहिला अकरा ते तीन, मग सहा ते साडेनऊ. चार तास आणि साडेतीन तास, मिळून साडेसात. दुसरा बारा ते साडेतीन, मग सात ते साडेदहा. मिळून सात. दोघांचाही पसारा बरोबर साडेदहा. तिसरा सलग, एक ते नऊ, मधे साडेचार ते पाच विश्रांती. त्याचेही साडेसात. आता दिवसावर बोट फिरवून बघा. एक ते तीन तिघंही हजर, सात ते नऊ पुन्हा तिघं. साडेतीन ते सहा एकटा तिसरा, आणि तो विश्रांतीला गेला की गल्ल्यावरून उठून चहा मी देतो. त्या तासांत दोघांना हाक मारायची गरजच पडत नाही. हाक न मारण्याचा नियम नुसत्या चांगुलपणावर टिकत नाही, तो त्या सलग पाळीवर टिकतो.

सलग पाळी कोणाला द्यायची, हेही ठरवून द्यावं लागतं. गावातल्या पोराला तुटक पाळी परवडते, घर दोन गल्ल्या पलीकडे असतं. पण शेजारच्या गावाहून येणाऱ्याला मधले तीन तास म्हणजे जाण्यायेण्यातच संपलेले, नाहीतर बाकड्यावर काढलेले. आणि साडेदहाला सुटला तर त्याला परत जायला गाडीही नसते. म्हणून बाहेरगावच्याला सलग पाळी देतो आणि नऊला सोडतो. मावशींचं उलट. त्यांना एकदा सलग पाळी देऊ केली, तर म्हणाल्या, “नगं बाबा. तीनाला घरी जाते, शेरडाला पाणी दावते, लेकराची शाळा सुटती. सहाला येते की परत.” मधली वेळ खरोखर आपली असली, तर तुटक पाळी सुखाची असते. एकच नियम सगळ्यांना लागू करता येत नाही, पाळी माणूसमाणूस बघूनच लावावी लागते.

बाजाराच्या दिवशी हे सगळं बाजूला ठेवतो. त्या दिवशी सकाळी दहापासून संध्याकाळी पाचपर्यंत माणूस हटत नाही, आणि बाजार उठला की रात्र सुनी. मधे खोलगा नसेल तिथे दिवस मोडण्यात अर्थ नाही. त्या दिवशी सगळे सलग. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीच्या गाड्या भरून निघाल्या की गावातली माणसंच कमी होतात, आमच्याकडचाही एखादा हात उचल घेऊन कोयत्यावर जातो. तेव्हा तीन पोरांची मांडणी दोघांवर येते. दोघांत ती जमत नाही. मी पसारा वाढवत नाही, रात्री दहालाच शटर ओढतो.

आता तास मोजण्याचं. सगळ्यात जास्त पैसे इथे सांडतात, आणि ते कुणाच्या लबाडीने सांडत नाहीत. साडेतीन तास आपण वहीत ‘3.30’ लिहितो, पावणेचार तास ‘3.45’. दुसऱ्या पोराची एका आठवड्याची नोंद घ्या: रोज दुपारी साडेतीन तास, आणि रात्री शटर ओढायला उशीर झाला म्हणून पावणेचार. कॅल्क्युलेटरवर 3.30 अधिक 3.45 केलं की 6.75 येतं. सहा दिवसांचे 40.50. कोणीही म्हणेल, साडेचाळीस तास. पण टिंबानंतरचा आकडा मिनिटांचा आहे आणि कॅल्क्युलेटर तो शंभराचा धरतो. खरं गणित मिनिटांत: 210 अधिक 225 म्हणजे 435. सहा दिवसांची 2610 मिनिटं. 60 ने भागली की साडेत्रेचाळीस तास. एका आठवड्यात तीन तास गायब. 500 रुपये रोज 8 तासांनी भागला, तर तासाला साडेबासष्ट रुपये. म्हणजे त्या पोराचे 187 रुपये 50 पैसे केवळ एका टिंबाने गेले. म्हणून आमच्या वहीत तासाचा रकानाच नाही. आल्याची वेळ, गेल्याची वेळ आणि मिनिटं, एवढंच. भागाकार आठवड्यातून एकदाच होतो, अगदी शेवटी. रोजच्या रोज पाव तासावर आणून मोडलं की रोज थोडं थोडं एकाच बाजूला जातं.

भाच्याने हीच वही मोबाईलमधल्या शीटवर घातली, तेव्हा बेरीज 19:30 आली. वेळेचा रकाना चोवीस तास झाले की पुन्हा शून्यापासून मोजतो, म्हणून 43:30 तून 24 गळाले. त्या रकान्याला `[h]:mm` हा नमुना दिला की पूर्ण 43:30 दिसतात. लग्नसराईत बारानंतर शटर ओढलं तर दुसरी खोट निघते: सातला आलेला साडेबाराला गेला, तर वजाबाकी उलटी जाते. तिथे साडेबाराला साडेचोवीस लिहायचं, उत्तर साडेपाच तास. आणि ते तास ज्या दिवशी पाळी सुरू झाली, त्याच दिवसाच्या नावावर.

गेल्याची वेळ कोणती धरायची, यावर मी ठाम आहे. शेवटचं गिऱ्हाईक उठलं ती वेळ नाही. टेबलं पुसली, मोरी धुतली, उरलेली कढी झाकून ठेवली, आणि माणूस उंबऱ्याबाहेर पडला ती वेळ. ही वेळ मी लिहीत नाही, ज्याची त्याने लिहायची. मावशींना आकडा लिहिता येत नाही, तर त्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून सांगतात आणि मी त्यांच्यासमोर लिहितो. बाजाराच्या आदल्या रात्री हिशेब होतो. त्या वेळी वही गल्ल्यावर उघडी असते, प्रत्येक जण आपली मिनिटं स्वतः मोजतो, आणि बेरीज जुळली की मगच पैसे हातात पडतात. नाही जुळली, तर त्या आठवड्याच्या सगळ्या ओळी पुन्हा पहिल्यापासून.