ओठांचा बाम : उन्हासाठी लावायचा की चुरचुरीसाठी?

दिवाळीच्या सुमारास वर्धा जिल्ह्यात कापसाची वेचणी सुरू होते आणि हवाही कोरडी पडू लागते. त्वचारोगतज्ज्ञ म्हणून माझ्याकडे फुटलेल्या ओठांच्या तक्रारी याच दिवसांत वाढतात. आलेल्या बऱ्याच जणांच्या पर्समध्ये किंवा खिशात लिप बाम असतोच. तो ते दिवसातून अनेकदा लावतात, तरी ओठ सोललेलेच राहतात. अशा वेळी माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : तुम्ही बाम घड्याळ पाहून लावता की ओठ चुरचुरतात म्हणून लावता?

उन्हापासून रक्षण करणारा बाम दर दोन तासांनी लावावाच लागतो. तो जेवताना, पाणी पिताना, तोंड पुसताना निघून जातो. घराबाहेर असताना पुन्हा लावण्यात काहीच वावगं नाही. पण घरात बसूनही पंधरा-वीस मिनिटांनी हात डबीकडे जात असेल, तर त्या बामातल्या घटकांकडे बघायला हवं.

ओठांना वेगळ्या संरक्षणाची गरज त्यांच्या रचनेमुळे पडते. ओठाच्या लाल भागावरचा संरक्षक थर गालाच्या मानाने फार पातळ असतो. तिथे घामाच्या ग्रंथी नसतात, तेलग्रंथी जवळपास नसतात आणि त्वचेला उन्हापासून वाचवणारं मेलॅनिनही कमी असतं. खालचा ओठ तर आभाळाकडे वळलेला असल्यामुळे ऊन मुख्यतः तोच झेलतो. थंडीत ऊन सौम्य असतं, हा समजही वर्ध्यात खरा नाही. आपली सावली आपल्या उंचीएवढी किंवा तिच्याहून आखूड असेल, तेव्हा अतिनील किरणं जोरात आहेत असं समजावं. मेच्या अखेरच्या आठवड्यात वर्ध्यात भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो, हे सगळ्यांना जाणवतंच. पण २२ डिसेंबरलाही, म्हणजे वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, इथे मध्यान्हीची सावली उंचीपेक्षा किंचित आखूडच असते. वेचणीच्या बाया सकाळपासून शेतात असतात आणि दुपट्टा सरकला की खालचा ओठ उघडाच राहतो.

आता बामातल्या घटकांकडे वळू. देवळीकडून रोज स्कूटीने शाळेत जाणारी एक शिक्षिका माझ्याकडे आली होती. "मॅडम, नाही लावलं तं ओठ आवळल्यासारखे होतात," ती म्हणाली. तिच्या बामाच्या खोक्यावर मेंथॉल, कॅम्फर म्हणजे कापूर, फ्लेवर आणि परफ्यूम ही नावं होती. मेंथॉल त्वचेतल्या थंडीच्या संवेदकांना चाळवतं. ओठाचं तापमान तेवढंच राहतं, त्यातला ओलावाही वाढत नाही. फक्त गार वाटतं. थोड्या वेळाने तो गारवा ओसरतो आणि कोरडेपणा पुन्हा जाणवतो. आधीच फुटलेल्या ओठांवर मेंथॉल आणि कापूर यांनी जळजळ होते, ओठ आणखी सोलले जातात आणि बामाची गरज वाढल्यासारखी वाटते. गोड फ्लेवरमुळे जीभ ओठांवरून फिरत राहते. लाळ वाळताना ओठांतला ओलावाही घेऊन जाते आणि तिच्यातली पाचक द्रव्यं नाजूक त्वचेला त्रास देतात.

याला नशा किंवा व्यसन म्हणता येणार नाही. शरीराला बामाची सवय लावणारं कोणतंही औषध त्यात नसतं. त्रास देणारा घटकच थोडा वेळ आरामही देतो, त्यामुळे हे चक्र थांबत नाही. खोक्यावर मेंथॉल, कॅम्फर, पेपरमिंट, यूकॅलिप्टस, फिनॉल, सॅलिसिलिक ॲसिड, फ्लेवर किंवा परफ्यूम यांपैकी काही दिसलं, तर फुटलेल्या ओठांसाठी तो बाम घेऊ नये. काहींना लॅनोलिनची, तर काहींना ऑक्सिबेन्झोनसारख्या सनस्क्रीन घटकाची ॲलर्जी असते. अशा वेळी खाज ओठांच्या कडेबाहेरच्या त्वचेवरही पसरते.

त्या शिक्षिकेचे सगळे बाम आणि लिपस्टिक आम्ही दोन आठवडे बंद केले. ओठांना फक्त साधी, बिनवासाची पेट्रोलियम जेली लावायची, रात्री जरा जाड थर द्यायचा. दिवसा स्कूटीवर सुती दुपट्टा तोंडावरून घ्यायचा, कारण जेली उन्हापासून जवळपास काहीच वाचवत नाही. आमसुलाचं तेल, तूप आणि मधमेणाचा घरगुती बाम यांचंही तसंच आहे : ओलावा टिकवायला चांगले, उन्हासाठी उपयोगाचे नाहीत. झोंबणारी पुदिन्याची टूथपेस्टही बदलायला सांगितली. बामाला दोष देताना तिचा विचार बहुतेकांच्या मनात येत नाही. पहिले काही दिवस आवळल्यासारखं वाटलं, मग सालपटं कमी झाली आणि दुसऱ्या आठवड्यात ओठ शांत झाले. त्यानंतर नवा उन्हाचा बाम तिने हाताच्या आतल्या बाजूला, एकाच ठिकाणी दिवसातून दोनदा, आठवडाभर लावून पाहिला. लाली किंवा खाज आली नाही, तेव्हाच तो ओठांवर लावायला सुरुवात केली.

विकत घेताना खोक्यावर एसपीएफ ३० किंवा त्याहून जास्त हवं. हा आकडा मुख्यतः ओठ भाजवणाऱ्या यूव्हीबी किरणांचा असतो. खोलवर जाणाऱ्या यूव्हीए किरणांसाठी 'ब्रॉड स्पेक्ट्रम' हे शब्द किंवा पीए+++ ही खूण बघावी. संवेदनशील ओठांना झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड सहसा मानवतं. त्याने ओठ थोडे पांढुरके दिसतात. सोबत पेट्रोलेटम, डायमेथिकोन, शिया बटर किंवा मेण असेल तर ओलावाही टिकतो. एक अडचण मात्र आहे. आपल्याकडच्या नियमांनुसार ३० ग्रॅमपेक्षा लहान पाकिटांवर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही आणि लिप बाम तर जेमतेम चार-दहा ग्रॅमचा असतो. बरेच उत्पादक तरीही यादी छापतात. यादी नसेल तो बाम दुकानदाराला परत द्यावा.

उन्हात निघण्याच्या पंधरा मिनिटं आधी, एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, दोन-तीन हात फिरवून बाम लावावा. एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत भरपूर थर देऊन काढलेला असतो. एकच पुसटसा हात फिरवला तर तेवढं संरक्षण मिळत नाही. मे महिन्यात कांडी स्कूटीच्या डिक्कीत ठेवू नये. वितळून पुन्हा घट्ट झालेल्या, दाणेदार झालेल्या किंवा खवट वासाच्या बामात उन्हाचे घटक सारखे पसरलेले राहतात याची खात्री नसते.

बाम कितीही चांगला असला तरी एका बाबतीत त्याच्यावर विसंबू नये. खालच्या ओठावर खरखरीत पांढुरका चट्टा आला, ओठ आणि त्वचा यांमधली रेघ पुसट झाली किंवा तीन आठवड्यांत जखम भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावं. वर्षानुवर्षांच्या उन्हाने होणारा हा बदल कर्करोगाकडे जाऊ शकतो. आपल्याकडे खर्रा खाणारे आणि उन्हात राबणारे अनेकदा एकच असतात. त्यांनी तर अजिबात थांबू नये. बाकीच्यांनी यंदा दिवाळीच्या खरेदीत बाम घेताना वास घेण्याआधी खोकं उलटून त्यावरची नावं वाचावीत.