केशरी कार्ड आहे, मग धान्य का नाही?

परवा एका ओळखीच्या मुलाने तालुक्याच्या पुरवठा शाखेबाहेर लावलेल्या नोटिशीचा फोटो पाठवला. खाली प्रश्न: "काका, आमचं केशरी कार्ड आहे, आईला यात बसवता येईल का?" त्याला फोनवर उत्तर दिलंच. पण तशीच नोटीस वाचताना मी एकदा एका कुटुंबाचं नुकसान केलं होतं, ते आठवलं. म्हणून हे सविस्तर लिहितोय. नावं बदलली आहेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: माझं झेरॉक्सचं दुकान आहे, कचेरीच्या जवळच. लोक कागद घेऊन येतात आणि झेरॉक्स निघेपर्यंत विचारतात, "यात काय लिहिलंय हो?" मी सांगतो. वीस वर्षं सांगतोय, त्यामुळे आपल्याला सगळं कळतं असा थोडा माज येतो. तो कसा उतरला ते पुढे येईल.

2023 चा उन्हाळा. मंदाताई आल्या. नवरा 2021 मध्ये गेला. मुलगी दहावीला, मुलगा सहावीत आणि सोबत सासूबाई. तीन घरची धुणीभांडी, प्रत्येकी दीड हजार. हातात नवऱ्याच्या नावाचं केशरी कार्ड. म्हणाल्या, "दादा, दुकानदार दर महिन्याला म्हणतो तुमच्या कार्डावर माल नाही. आमच्या वाटचं खातोय ना तो?"

तो खात नव्हता. इथेच बहुतेकांची पहिली गल्लत होते. कार्डाचा रंग आणि धान्याचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रंग जुना, म्हणजे 1999 पासूनचा. वर्षाचं उत्पन्न 15,000 पर्यंत असेल तर पिवळं, त्यावर एक लाखापर्यंत केशरी, त्यापुढे पांढरं. (पिवळ्या कार्डाच्या जुन्या अटींमध्ये घरात टेलिफोन नसावा अशीही एक अट होती. आता हसू येतं.) धान्य मात्र अन्न सुरक्षा कायद्याखाली मिळतं. तो आपल्या राज्यात फेब्रुवारी 2014 पासून लागू झाला आणि त्याचे दोनच गट आहेत. एक अंत्योदय, ज्यात घराला महिन्याला 35 किलो. दुसरा प्राधान्य कुटुंब, ज्यात माणशी 5 किलो. जानेवारी 2023 पासून दोन्ही मोफत. केशरी कार्ड असून तुम्ही प्राधान्य यादीत नसाल, तर दुकानदाराच्या मशीनमध्ये बारा अंकी नंबर टाकल्यावर तुमच्या नावापुढे धान्य दिसतच नाही. कार्डावर आत 'प्राधान्य कुटुंब' असा शिक्का आहे का ते आधी बघा. मंदाताईंच्या कार्डावर नव्हता.

तेव्हाच नोटीस लागली होती की, पात्र केशरी कार्डधारकांनी प्राधान्य यादीत समावेशासाठी अर्ज करावेत. मी ती त्यांना ओळीने समजावून सांगितली.

पहिली अट उत्पन्नाची. शहरी भागात कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 59,000 पर्यंत, ग्रामीण भागात 44,000 पर्यंत. मंदाताईंचं किती? साडेचार हजार गुणिले बारा, म्हणजे 54,000. आमचं गाव नगरपालिकेचं, म्हणजे 59,000 ची मर्यादा. बसल्या. हेच कुटुंब सासरच्या गावात राहत असतं तर त्याच कमाईवर अपात्र ठरलं असतं. आणि 59,000 म्हणजे महिन्याला किती, तर 4,916 रुपये. चार माणसांचं घर भाड्याच्या खोलीत यात कसं चालतं हे मला अजून कोणी सांगितलेलं नाही. मंदाताई बसल्या याचं कारण त्या खरोखरच गरीब होत्या. एखादं चौथं घर धरलं असतं तर 72,000 झाले असते आणि नोटिशीच्या हिशेबाने त्या सुखवस्तू ठरल्या असत्या.

त्यांच्याकडचा उत्पन्नाचा दाखला मात्र 80,000 चा होता, नवरा असतानाचा, मुलीच्या शाळेसाठी काढलेला. तोच त्या जोडणार होत्या. मी थांबवलं. ज्यांचं उत्पन्न खरंच कमी झालंय त्यांनी जुना दाखला लावला तर अर्ज तिथेच बाद होतो आणि कारणही कोणी नीट सांगत नाही. नवऱ्याचा मृत्यूचा दाखला घेऊन सेतूतून नवा काढला. तो 54,000 चा निघाला. इथवर माझं बरोबर होतं.

दुसरी अट कुटुंबप्रमुखाची. कायद्यात स्पष्ट आहे की, घरातली अठरा वर्षांवरची सगळ्यात मोठी बाई ही कार्डासाठी कुटुंबप्रमुख. मी नोटिशीवर बोट ठेवून म्हटलं, "म्हणजे तुम्ही नाही, आजी. कार्ड आजींच्या नावावर होईल."

मंदाताईंचा चेहरा बदलला. आजींचं नाव या कार्डावर नव्हतंच. ते गावी थोरल्या दिराच्या कार्डावर होतं आणि ते कार्ड प्राधान्य यादीत होतं. आजींच्या नावचे 5 किलो दीर उचलत होता. आजी चार वर्षं इथे राहतायत, सुनेच्या हातचं खातायत आणि धान्य गावी. "नाव काढा म्हटलं तर भावजी बोलतील," मंदाताई म्हणाल्या. आजी बाकड्यावर बसून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "बोलू दे. मी कुठं जेवते ते त्याला ठावं हाय."

एका माणसाचं नाव एकाच कार्डावर असू शकतं. आधार जोडलेलं असल्यामुळे दुसरीकडे घालायला गेलं की सिस्टीम पकडते. तेव्हा मी आत्मविश्वासाने सल्ला दिला: आधी गावच्या कार्डावरून नाव कमी करून दाखला आणा, मग इथे नाव चढवा, मग अर्ज करा. आजी स्वतः एसटीने गावी गेल्या. दिराने बरंच काही ऐकवलं असणार, कारण परत आल्यावर त्या दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत म्हणे. पण दाखला आणला. नाव चढलं, प्रमुख बदलला, अर्ज गेला.

आणि मग खिडकीवरून उत्तर आलं: "इष्टांक शिल्लक नाही."

हा शब्द नोटिशीत होता. "रिक्त इष्टांकाच्या मर्यादेत", असा अगदी शेवटी, बारीक अक्षरात. मी तो वाचून पुढे गेलो होतो. इष्टांक म्हणजे किती माणसांना धान्य द्यायचं याचा ठरलेला आकडा. केंद्राने राज्याला दिलाय, साधारण सात कोटी लोकांचा. ग्रामीण भागात 76.32 टक्के आणि शहरी भागात 45.34 टक्के लोकसंख्या धरून. ती लोकसंख्याही 2011 च्या जनगणनेची. राज्याकडून तो जिल्ह्याला, जिल्ह्याकडून तालुक्याला येतो. गाव कितीही वाढो, आकडा तोच. म्हणजे अटी पूर्ण केल्या की तुम्ही फक्त रांगेत उभे राहता. कोणी मेलं, कोणी लग्न होऊन गेलं, कोणाचं नाव अपात्र म्हणून निघालं, तेव्हा जागा होते. नोटीस लागली तेव्हा थोड्या जागा होत्या, आम्ही दाखल्यांच्या फेऱ्या मारेपर्यंत त्या भरल्या.

आता हिशेब बघा. आजींना गावी मिळणारे 5 किलो बंद झाले. इथे चौघांना मिळायचे 20 किलो सुरू झाले नाहीत. जी म्हातारी बाई त्या घरात एकटी यादीत होती, तिलाही मी बाहेर काढलं. गावची रिकामी झालेली जागा गावच्या तालुक्याची, ती इथे येत नाही.

काय करायला हवं होतं? हे मला नंतर पुरवठ्यातल्याच एका भल्या कारकुनाने सांगितलं, तेही चहाच्या टपरीवर. आजींचं नाव गावच्या कार्डावर असतानाच त्यांना आपल्या वाटचं धान्य इथल्या दुकानातून घेता आलं असतं. कार्ड कुठलंही असो, बारा अंकी नंबर सांगायचा, अंगठा लावायचा, कार्डावरच्या धान्यातला काही भाग इथे उचलायचा आणि उरलेला घरच्यांनी गावी. यालाच पोर्टेबिलिटी म्हणतात. म्हणजे दिराशी भांडण एवढंच राहिलं असतं की, माझे पाच किलो मी इकडे उचलते. मंदाताईंनी दोन मुलांसह स्वतःच्या नावावर तिघांचा अर्ज टाकायचा. जागा आहे हे खिडकीवर विचारून खात्री झाली, यादीत नाव आलं, की मगच आजींचं नाव इकडे आणायचं. नियम तेच, फक्त क्रम उलटा.

मंदाताईंकडे जाऊन मी हे कबूल केलं. त्या काही बोलल्या नाहीत. आजी म्हणाल्या, "पाच किलोनं मी मरत न्हाई." पण बाजारात तेवढे गहू-तांदूळ घ्यायला दीड-दोनशे रुपये लागतात आणि साडेचार हजारात ते कुठून येतात हे मला कळत होतं.

त्यानंतर मी एक गोष्ट बरी केली. अर्जाची पोच मागून घेतली, तारीख आणि शिक्क्यासह. पोच नसेल तर रांगेत तुमचा नंबर कितवा हे तुम्हीच सिद्ध करू शकत नाही. मग दर महिन्याला लेखी विचारलं की, तालुक्याचा इष्टांक किती, भरलेला किती, आमच्या आधीचे अर्ज किती. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 27 प्रमाणे रेशनच्या नोंदी लोकांना बघायला खुल्या ठेवायच्या असतात, हे अर्जात लिहायचो. पहिल्या दोन वेळा उत्तर नाही. तिसऱ्या वेळी आकडा मिळाला. मधल्या काळात एक एजंट मंदाताईंना भेटून गेला, तीन हजारात "आतून" करून देतो म्हणून. त्या माझ्याकडे विचारायला आल्या. मी नको म्हटलं, पण खरं सांगतो, त्या वेळी माझ्या शब्दाला काय किंमत होती!

सात महिन्यांनी नाव लागलं. शिक्का बसला, पुढच्या महिन्यापासून 20 किलो. पहिल्या दिवशी आजींचा अंगठा मशीनने घेतला नाही. आयुष्यभर खुरपं धरून रेषा गेलेल्या. कार्डावरच्या दुसऱ्या कोणाचाही अंगठा चालतो, म्हणून मुलीने लावला.

तर त्या मुलाला मी एवढंच सांगितलं: आईचं नाव आत्ता कुठल्या कार्डावर आहे आणि त्यावर धान्य चालू आहे का, ते आधी बघ. चालू असेल तर त्याला हात लावू नकोस. मग खिडकीवर जाऊन विचार, इष्टांक शिल्लक आहे का. सध्या ई-केवायसी न केलेल्यांची नावं निघतायत, त्यामुळे काही ठिकाणी जागा होतायत. तुमच्या घरात कोणाची राहिली असेल तर आधी ती करून घ्या, नाहीतर रिकामी होणारी जागा तुमचीच असायची.

नोटिशीचे फोटो पाठवायचे असतील तर शेवटची ओळ नीट दिसेल असे काढा. मी आता तिथून वाचायला सुरुवात करतो.